यंत्र खोलावे केव्हा? फिटरचे मत आणि रोकडवही

आपल्या भिवंडी-मालेगावच्या कारखानदाराला रेपियर माग कधी खोलून पूर्ण दुरुस्त करावा, असे विचारले तर तो म्हणतो, "बंद पडेल तेव्हा." फिटरला विचारले तर तो म्हणतो, "आत्ताच." दोन्ही उत्तरे मला महागात पडली आहेत, म्हणून हा हिशेब मांडतो.

माझा मूळ धंदा कापडाचा. 2010 साली एका भागीदारासोबत मी परदेशातून आलेले 12 जुने रेपियर माग घेतले आणि ते मजुरीवर चालवले. सात-आठ वर्षे ठीक गेली. मग तक्रारी सुरू झाल्या. रेपियरमध्ये एका बाजूची पट्टी बाण्याचा धागा घेऊन मध्यापर्यंत येते आणि तिथे दुसऱ्या बाजूची पकड तो झेलते. पट्टी, तिला फिरवणारे चाक आणि पकडी झिजल्या की ही भेट किंचित चुकते, धागा गळतो आणि माग थांबतो. ब्रेक झिजला की माग जिथे थांबायला हवा तिथे थांबत नाही. पुन्हा चालू करताना कापडावर आडवी पट्टी उमटते आणि व्यापारी ती दाखवून मजुरी कापतो. मी स्वतःही व्यापारी म्हणून ती कापलेली आहे!

दोष यंत्राचा की सुताचा, हे ओळखायला फिटर लागत नाही. थांबण्याची नोंद ठेवावी. ताण्याचे धागे जास्त तुटत असतील तर सूत आणि सायझिंग तपासावे. बाणाच वारंवार गळत असेल आणि तेच सूत शेजारच्या मागावर नीट चालत असेल, तर दोष मागात आहे. दुसरी खूण अधिक पक्की. जॉबरने केलेली सेटिंग पूर्वी महिनोन् महिने टिकत असे. ती आठवड्यात बिघडू लागली की सेटिंगचे दिवस संपले असे समजावे.

आता आकडे पाहू. आमचे माग मिनिटाला 350 पिकांनी चालत आणि कापड 60 पिकांचे होते. कार्यक्षमता 85 टक्के असताना एक माग दिवसाला सुमारे 180 मीटर देई. झीज झाल्यावर ती 72 टक्क्यांवर आली आणि मीटर 154 झाले. मजुरी पिकाला 12 पैसे, म्हणजे मीटरला 7 रुपये 20 पैसे. 26 मीटर घटले, म्हणजे दिवसाला 187 रुपये आणि 25 दिवसांच्या महिन्यात सुमारे 4,700 रुपये गेले. खराब कापडाची कपात साधारण 1,500. म्हणजे एक माग दरमहा 6,200 रुपये गमावत होता. धागा गळून माग थांबला तरी मोटर फिरतच राहते आणि कारीगराचा पगारही चालूच राहतो, म्हणून खर्चात बचत अशी काही होत नाही.

दुरुस्तीला प्रत्येक मागामागे 90,000 रुपये येणार होते. दहा दिवस माग बंद राहिला तर 11,000 रुपयांची मजुरी बुडणार. म्हणजे लाखाच्या आसपास खर्च आणि तो भरून निघायला सोळा महिने. माग आणखी चार-पाच वर्षे ठेवायचे असतील तर हा सौदा चांगला होता. दीड-दोन वर्षांत ते विकून एअरजेट घ्यायचे असतील, तर हाच सौदा जेमतेम बरोबरीचा.

हिशेब बरोबर होता, चूक वेळेची झाली. 2018 च्या रमजान ईदनंतर कारीगर गावी गेले होते. कारखाना बंदच आहे, तर सगळेच खोलून टाकू, असे मी ठरवले. फिटरच्या टोळीची ताकद मात्र दहा दिवसांत तीन मागांची होती. म्हणजे शेवटचे तीन माग चाळीस दिवस उघडे पडून राहिले. तीन-तीन माग खोलले असते तर मागांचे एकूण 120 दिवस बुडाले असते. एकदम खोलल्याने 300 बुडाले. जास्तीचे 180 दिवस, दिवसाला 1,100 रुपये, म्हणजे दोन लाखांच्या आसपास मजुरी हकनाक गेली. काही पार्ट उशिरा आले, त्याचे नुकसान वेगळेच.

तरीही पहिले दोन महिने मला काहीच जाणवले नाही. या धंद्यात बिल साठ दिवसांनी मिळते. जून-जुलैत माग उघडे असताना एप्रिल-मेची मजुरी गल्ल्यात येत होती. बँकेचा हप्ता गेला, भाडे गेले, विजेचा स्थिर आकारही गेला. ऑगस्टअखेर पार्टवाल्याची साठ दिवसांची उधारी संपली आणि त्याचा तकाजा सुरू झाला. सप्टेंबरमध्ये जुलैची मजुरी यायला हवी होती, पण जुलैत कापड निघालेच नव्हते! माग नवे झाल्यासारखे धावत होते, दिवाळीच्या ऑर्डरी हातात होत्या आणि पगाराला पैसे नव्हते. शेवटी दुकानातील कापडाचा एक लॉट भावाखाली विकला, तेव्हा पगार झाले. सांगायचे ते एवढेच की यंत्र बंद झाल्याचा खड्डा त्या महिन्यात दिसत नाही, उधारीच्या मुदतीनंतर दिसतो. म्हणून माग खोलण्याआधी पुढच्या पाच महिन्यांची आवक-जावक कागदावर मांडावी आणि खड्डा सणाच्या तोंडावर येत असेल तर तारीख हलवावी.

रत्नागिरीच्या ट्रॉलरवाल्यांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते. बोट किनाऱ्यावर येतेच, इंजिन त्याच काळात खोलले जाते. मागवाल्याला अशी ठरलेली बंदी नाही. ईद तर दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. त्यामुळे ती दिवाळीच्या गर्दीपासून किती दूर आहे हे पाहून पहिले तीन माग तेव्हा घ्यावेत आणि बाकीचे पुढच्या मंदीत. पार्ट हातात आल्याशिवाय मागाचा बोल्टही सोडू नये.

पैशाचे म्हणाल तर माग घेतल्यापासून दरमहा प्रत्येकी 1,500 रुपये वेगळे ठेवले असते, तर पाच वर्षांत 90,000 जमले असते. ज्यांना व्याजाचे कर्ज नको, त्यांना तर दुसरा मार्गच नाही.

आयकराचीही एक बाब आहे. झिजलेले भाग बदलून तेच यंत्र चालू ठेवले, तर तो खर्च सहसा त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होतो. संपूर्ण यंत्र बदलले तर फक्त घसारा मिळतो. 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने सरवण स्पिनिंग मिल्सच्या प्रकरणात आख्खी रिंग फ्रेम बदलणे ही चालू दुरुस्ती नव्हे, असे ठरवले. त्यामुळे बिलात कोणते भाग बदलले हे स्पष्ट लिहून घ्यावे आणि मार्च की एप्रिल हे हिशेबनिसाला विचारून ठरवावे.

आमच्या गल्लीतील एका कारखानदाराने माझी फजिती पाहिली आणि दुरुस्ती दीड वर्ष पुढे ढकलली. 2019 च्या डिसेंबरमध्ये त्याचे आठ माग तयार झाले. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला. तोवर माझ्या मागांनी खर्च भरून काढला होता. त्याच्या मागांना जेमतेम तीन महिने मिळाले आणि पार्टवाल्याची उधारी तशीच उभी राहिली.