छत्री घेतलीस?

आमच्या कथांतली माणसं मनातलं सगळं बोलून मोकळी होतात, हीच आमची तक्रार आहे. मुलगा नोकरीसाठी सौदीला निघतो. बाप म्हणतो, "बेटा, तुझ्यावाचून मी एकाकी होईन." मुलगा म्हणतो, "अब्बा, मला अपराधी वाटतंय." आम्ही लोणावळ्यात उर्दू शाळेत शिकवतो, मुलांच्या घरी जातो-येतो. असं बोलणारा बाप आम्हाला अजून भेटलेला नाही.

आमच्याकडचा बाप जुलैच्या पावसाकडे बघत विचारतो, "छत्री घेतलीस?"
"राहू द्या. तुम्हाला फजरला लागेल."
"मला कशाला? मशीद समोर तर आहे."
छत्री दारातच राहते.

मात्र नुसती छत्री आणून भागत नाही. बापलेक रोज फजरला एकाच छत्रीतून जातात, हे वाचकाला आधी दिसलेलं हवं. व्हिसा आलाय, हेही ठाऊक हवं. नाहीतर ती पावसापाण्याची गप्पा होते. आम्ही कथा तपासताना भावनेचं नाव घेणारं वाक्य खोडतो. प्रसंग तरीही कळला, तर ते वाक्य फालतू होतं. कळला नाही, तर चूक त्या वाक्यात नसते, मागच्या पानात असते. दुरुस्ती तिथे करावी. पण आमचे लेखक तिथे जातच नाहीत, संवादातच खुलासा कोंबतात.

यावर आमचे मित्र चिडतात. "कौमचे प्रश्न रोखठोक मांडायचे, तर आडून बोलण्याची चैन कशाला?" आणि दाखला देतात तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा. बेणारेबाई शेवटी सगळं बोलून टाकते ना?

दाखला आमच्याच बाजूचा आहे. १९६७ सालच्या या नाटकातली बेणारे आमच्यासारखीच शिक्षिका. ती थट्टा करते, गाणं म्हणते, शाळेतल्या मुलांविषयी बोलते. ती गरोदर आहे हे प्रेक्षकाला कळतं, तेव्हा तिची मघाची प्रत्येक थट्टा त्याला पुन्हा ऐकू येते. खेळातला खटला खरा होतो, आणि इतकी बोलकी बाई गप्प होते. अखेरचं स्वगत तेंडुलकरांनी दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहाखातर लिहिलं. ते चालू असताना रंगमंचावरची बाकी माणसं गोठलेली असतात. म्हणजे मनातलं बोलली, तेव्हाही समोरच्यांनी ऐकलं नाहीच. आमचे मित्र तेवढं स्वगत उचलतात, त्याआधीचं नाटक सोडून देतात.

आणखी एक हत्यार आम्ही आपणहून टाकून दिलं आहे. घरी आम्ही दखनी बोलतो. रोज 'तू' म्हणणारी अम्मी एखाद्या दिवशी मुलाला "आप खाना खाएंगे?" विचारते, तेव्हा सगळं घर चिडीचूप होतं. तेच कागदावर उतरवताना आमचा लेखक तिच्या तोंडी पाठ्यपुस्तकी मराठी घालतो: "मी तुझ्यावर रागावले आहे." त्या एका 'आप'ला मराठीत काय करायचं, हा खरा प्रश्न आहे. आम्ही तो तसाच ठेवतो. वाचकाच्या घरीही अम्मी असते.