रिपोर्ट लाल आला म्हणून डबा रिकामा करू नका

पालकहो, मुलाच्या ‘फूड इनटॉलरन्स’ रिपोर्टमध्ये दूध, गहू, तूरडाळ, शेंगदाणे, अंडं सगळंच लाल दिसलं, तर लगेच डबा बदलू नका. आधी तपासलंय काय ते बघा. अशा पॅनेलमध्ये बहुतेक वेळा रक्तातली आयजीजी प्रतिपिंडं मोजतात. आपण जे वारंवार खातो, त्याच्यासाठी ही प्रतिपिंडं निरोगी शरीरातही तयार होतात. त्यामुळे रोज वरणभात, पोळी, दूध घेणाऱ्या मुलाच्या रिपोर्टमध्ये नेमके हेच पदार्थ लाल येऊ शकतात. ही तर रोजच्या जेवणाची हजेरी झाली! युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलं, की अन्न सोसत नाही हे ठरवायला आयजीजी४ चाचणी वापरू नये. दूध न पचण्यामागे तर बहुधा लॅक्टेज या विकराची कमतरता असते. ती प्रतिपिंडं मोजून कळतच नाही.

मग पोटदुखी खरी असेल तर? पाच पदार्थ एकदम बंद केले, तर दोषी कोणता ते कळत नाही, आणि वाढत्या मुलाची प्रथिनं, कॅल्शियम मात्र कमी होतं. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून संशयित असा एकच पदार्थ दोन-चार आठवडे थांबवा, रोजची नोंद ठेवा, मग पुन्हा द्या. त्रास थांबला आणि परत सुरू झाला, तरच संशयाला आधार आहे. गव्हाची शंका असेल तर तो बंद करण्याआधीच सीलिॲकची तपासणी करून घ्या, नाहीतर ती चुकू शकते. आणि खाल्ल्यावर ओठ सुजले, श्वास लागला, तर घरी प्रयोग नको. थेट दवाखाना गाठा.