शेंबडाचा रंग आणि दिवसांचा हिशोब

मोबाइलवर शेंबडाचा फोटो दाखवणारे पेशंट मला आठवड्याला दोन-तीन तरी भेटतात. बेंगळुरूत इतकी वर्षं कान-नाक-घशाची प्रॅक्टिस केल्यावर आता काही वाटत नाही. परवा एक कोल्हापूरची मुलगी आली, व्हाइटफील्डला नोकरी करते, पीजीत राहते. फोटोत बेसिनचं पांढरंशुभ्र भांडं आणि त्यावर हिरवट गोळा. "सर, पाचवा दिवस आहे. परवापर्यंत नुसतं पाणी गळत होतं, आज हे बघा. इन्फेक्शन झालं ना?" पर्समधून तिनं अ‍ॅझिथ्रोमायसिनची पट्टी काढली. 500ची, तीन गोळ्यांची, त्यातली एक पोटात गेलेली. पीजीखालच्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय दिलेली.

तिचं म्हणणं तिच्या एकटीचं नाही. या शहरात नाक चोंदलेल्या प्रत्येक माणसाचं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच डॉक्टरांचंही, तेच म्हणणं आहे. म्हणून तो पूर्वपक्ष नीट मांडतो. एक, शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे पू झाला, आणि पू म्हणजे बॅक्टेरिया. दोन, मागच्या वेळी याच गोळीनं तीन दिवसांत बरं वाटलं होतं. तीन, सायनस मेंदूला लागून आहेत, उगाच जोखीम कशाला, गोळी घेतलेली बरी.

पहिल्या मुद्द्यावर आपल्या आज्या आपल्यापेक्षा शहाण्या होत्या. त्या म्हणायच्या, "सर्दी पिकली." आणि पिकली म्हणजे आता जाणार, या अर्थानं म्हणायच्या. पिकल्या सर्दीला घाबरायचं ही आपली नवी सवय. हिरवा रंग बॅक्टेरियाचा नसतो, तो आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. या पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचं हिरव्या रंगाचं एन्झाइम असतं. पेशी नाकात गोळा झाल्या, फुटल्या, की ते शेंबडात मिसळतं. साध्या व्हायरल सर्दीतही चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड घट्ट होतो, पिवळा-हिरवा होतो, आणि मग पुन्हा पातळ होत जातो. कोल्हापूरच्या मुलीचा फोटो म्हणजे सर्दी वेळापत्रकाप्रमाणे चालल्याचा पुरावा होता.

"मग एक्स-रे काढू? सीटी काढू?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. 1994 साली अमेरिकेत ग्वाल्टनी आणि सहकाऱ्यांनी साधी सर्दी झालेल्या 31 जणांचे सीटी काढले. दहातल्या जवळपास नऊ जणांच्या गालाच्या सायनसमध्ये बिघाड दिसला. दोन आठवड्यांनी त्यातल्या 14 जणांचा सीटी पुन्हा काढला, तेव्हा 11 जणांचं निवळलं होतं किंवा खूपच कमी झालं होतं, एकही अँटिबायोटिक न घेता. म्हणजे सर्दी ही नाकापुरती नसतेच, सायनस तिच्यात पहिल्यापासून सामील असतात. रिपोर्टवर 'सायनसायटिस' छापून आलं म्हणून बॅक्टेरिया सिद्ध होत नाहीत. मोठ्या माणसांच्या व्हायरल सर्दीवर बॅक्टेरियाचं इन्फेक्शन चढतं ते शंभरात जेमतेम एका-दोघांच्या.

दुसऱ्या मुद्द्याला आपल्या तर्कशास्त्रात जुनं नाव आहे, काकतालीय न्याय. गोळी कधी सुरू होते? माणूस वैतागतो तेव्हा, म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवशी. कोर्स तीन दिवसांचा. बरं वाटतं आठव्या-नवव्या दिवशी, आणि सर्दी एरवीही तेव्हाच उतरते. श्रेय मात्र फांदीवर बसलेल्या कावळ्याला. अनेक चाचण्यांचा एकत्र हिशोब मांडणारा 2018चा कॉक्रेन आढावा सांगतो की सायनसायटिसचं निदान झालेल्या मोठ्या माणसांत अँटिबायोटिकशिवाय शंभरातले 46 जण आठवड्यात बरे होतात, 64 जण दोन आठवड्यांत. गोळीमुळे लवकर बरे होणारे शंभरात पाच ते अकरा अधिक, आणि जुलाब-मळमळीसारखे त्रास होणारे तेरा अधिक. (हे आकडे लहान मुलांचे किंवा गंभीर पेशंटचे नाहीत, हेही त्याच दमात सांगायला हवं.) शिवाय अ‍ॅझिथ्रोमायसिनची निवडच चुकीची. सायनसमधला मुख्य बॅक्टेरिया न्यूमोकॉकस, आणि त्यानं या औषधाला दाद न देणं इतकं वाढलंय की खऱ्या बॅक्टेरियल सायनसायटिसमध्येही हे पहिलं औषध म्हणून द्यायचं नाही असं मार्गदर्शक नियम सांगतात.

बेंगळुरूच्या हवेचाही एक उपपक्ष आहे. "इथे आल्यापासून मला सायनस लागला" हे वाक्य पुण्या-नागपूरकडून आलेल्या निम्म्या लोकांच्या तोंडी असतं. त्यात तथ्य आहे, पण ते तथ्य अ‍ॅलर्जीचं. रिकाम्या प्लॉटवर माजणारं गाजरगवत, ज्याची देशातली पहिली नोंद पन्नासच्या दशकात पुण्यात झाली, त्याचे परागकण इथे नाकं गळवतात. सटासट शिंका, नाकाला-डोळ्यांना खाज, पाण्यासारखं गळणं, ताप नाही. यावर अँटिबायोटिक म्हणजे डास मारायला उंदराचा पिंजरा.

तर मग गोळी कधी? इथे मंडन सुरू होतं. खरा हिशोब दिवसांचा आहे, आणि दिवसांपेक्षाही चढ-उताराचा. तीन चाली ओळखायच्या.

पहिली चाल: दहा दिवस झाले आणि उतार असा नाहीच. घट्ट शेंबूड, चोंदलेलं नाक, गालावर-कपाळावर ठणका, सगळं पहिल्याइतकंच. बाकी सगळं ओसरून नुसता खोकला रेंगाळला असेल तर तो यात धरायचा नाही. दुसरी चाल: सुरुवातच जोरात. 102 किंवा त्यावर ताप आणि सोबत पुवासारखा शेंबूड किंवा चेहऱ्याचं दुखणं, सलग तीन-चार दिवस. तिसरी चाल सगळ्यात फसवी: पाच-सहा दिवसांत माणूस बरा होत आलेला असतो, आणि मग अचानक पुन्हा ताप, डोकेदुखी, शेंबूड वाढणं. आम्ही याला दुहेरी बिघाड म्हणतो. व्हायरसनं सूज आणून सायनसचं तोंड बंद केलेलं असतं, आत साचलेल्या पाण्यात बॅक्टेरिया वाढतात, आणि त्याला जो वेळ लागतो तोच हा मधला सुखाचा एक-दोन दिवसांचा काळ.

या तिन्हींपैकी एक असेल तर अमॉक्सिसिलिन, किंवा आपल्याकडे '625' म्हणून ओळखली जाणारी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलनेट. मोठ्यांना पाच ते सात दिवस पुरतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्सिसायक्लिन. पहिल्या चालीतला माणूस तसा बरा असेल, ताप नसेल, आणि दोन-तीन दिवसांनी परत दाखवायला येणार असेल, तर आणखी थोडं थांबायलाही हरकत नाही. तोवर मिठाच्या पाण्यानं नाक धुणं (पाणी उकळून गार केलेलं, नळाचं नाही) आणि पॅरासिटामॉल. नाक मोकळं करणारे थेंब तीन ते पाच दिवसच, नाहीतर नाकाला त्यांची सवय लागते आणि थेंब सोडले की नाक पुन्हा बंद.

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण 'अँटिबायोटिक नको'वाल्यांचाही एक आंधळा पक्ष आहे, आणि मी स्वतः त्यात बसलो आहे.

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या बाईंचा रात्री फोन आला. मूळच्या बेळगावच्या, मुलगा चौदा वर्षांचा. "डॉक्टर, सर्दीचा आठवा दिवस, डोकं दुखतंय म्हणतो, हिरवंच येतंय." मी माझ्या आवडत्या सुरात सांगितलं, रंगाकडे बघू नका, दोन दिवस थांबा. मी एक प्रश्न विचारला नाही: मध्ये बरा झाला होता का? झाला होता. पाचव्या दिवशी तो मैदानावर बॅटिंग करून आला होता. सातव्या दिवशी 102 ताप चढला. ताप गोळीनं उतरला होता म्हणून त्यांनी तो सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही. बाराव्या दिवशी त्याला घेऊन आल्या तेव्हा कपाळाच्या मधोमध लिंबाएवढी सूज होती. बोटानं दाबली तर कणकेसारखी मऊ, बोटाचा खड्डा तसाच राहिलेला. सकाळपासून दोन उलट्या. कपाळाच्या सायनसमधल्या पुवानं पुढचं हाड कुजवलं होतं, आणि काँट्रास्ट सीटीत मागच्या बाजूला, मेंदूच्या आवरणाबाहेर, पुवाचा पातळ थर. या सुजेचं वर्णन अठराव्या शतकात पर्सिव्हल पॉट या इंग्लिश सर्जननं करून ठेवलंय, आणि मोठ्या मुलांमध्ये ती जास्त सापडते, कारण या वयात कपाळाचा सायनस वाढत असतो आणि त्याच्या हाडातल्या झडप नसलेल्या शिरांमधून इन्फेक्शन दोन्हीकडे जाऊ शकतं. न्यूरोसर्जन आणि आम्ही मिळून पू काढला. शिरेतून सहा आठवडे औषधं. मुलगा बरा झाला. कपाळावरच्या केसांखाली व्रण आहे.

तिसऱ्या मुद्द्याला, म्हणजे 'गोळी घेतली की मेंदू सुरक्षित' याला, माझं उत्तर यातूनच निघतं. गुंतागुंत टाळण्यासाठी प्रत्येक सर्दीवर गोळी घेण्याचा उपयोग होत असल्याचा पुरावा नाही. गोळ्या चालू असतानाही पू डोळ्यापर्यंत पोचलेले पेशंट येतात. तेव्हा नजर ठेवायची ती नाकाच्या बाहेर. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यालगतचे सायनस आणि डोळा यांच्यामध्ये कागदासारखं पातळ हाड आहे. पापणी सुजली, डोळा पुढे आला, हलवताना दुखला, एकाचे दोन दिसू लागले, तर ती सर्दी राहिली नाही. घरी एक साधी तपासणी करता येते: लाल टोपणाचं पेन घ्या, एक डोळा झाकून दुसऱ्यानं बघा, मग उलट. एका डोळ्याला तो लाल फिका, विटकरी दिसला तर डोळ्याच्या नसेवर दाब आलेला असू शकतो आणि तासांचा प्रश्न आहे. मात्र टोपण दोन्हींना सारखंच लाल दिसलं म्हणून सुजलेला डोळा घेऊन घरी बसायचं नाही. कपाळाची सूज, उलट्यांसकट असह्य डोकेदुखी, मान ताठ होणं, गुंगी, झटका, यांतलं काहीही दिसलं तर ओपीडीच्या नंबराची वाट बघायची नाही, थेट कॅज्युअल्टी गाठायची.

आणि मधुमेही माणसाचा हिशोब वेगळाच. 2021च्या मे-जूनमध्ये बाउरिंग हॉस्पिटलमध्ये म्युकरमायकोसिसचे पेशंट भरती होत होते ते या शहराला आठवत असेल. कोविड, स्टेरॉइड, चढलेली साखर. त्यातल्या कितीतरी जणांची सुरुवात 'एका बाजूचं नाक चोंदलंय' इतकीच होती. गाल बधिर होणं, वरचे दात हलू लागणं, टाळूवर किंवा नाकात काळा डाग, यांच्यापुढे दहा दिवसांचा नियम लागूच होत नाही आणि 625 निरुपयोगी आहे. तिथे अ‍ॅम्फोटेरिसिन आणि शस्त्रक्रिया, तीही त्याच दिवशी.

कोल्हापूरच्या मुलीला मी हे सगळं सांगितलं नाही. मध्ये बरं वाटलं होतं का, ताप किती, डोळा दुखतो का, साखर आहे का, एवढं विचारलं. सगळ्याला नाही. तो शुक्रवार होता. चिठ्ठीवर औषधाच्या जागी 'बुधवार' लिहिलं, दहावा दिवस, आणि खाली 'मध्ये ताप आला तर लगेच'. सोमवारी तिचा मेसेज आला, फोटोशिवाय: नाक सुटलंय, उरलेल्या दोन गोळ्या पुढच्या सर्दीला ठेवून देऊ का?