ढेकर आला म्हणजे पित्त शमलं का?

आपल्या बायकांच्या औषधशास्त्रात एक ठाम समजूत आहे. जे जिभेला गार लागतं ते पोटालाही गार. या समजुतीवर मुरारच्या उन्हाळ्यात आपण काय काय रिचवतो! आणि आता त्यात पेपरमिंटच्या चहाची भर पडली आहे. छातीत जळजळतंय? पेपरमिंटचा चहा घ्या. आंबट पाणी वर येतंय? पेपरमिंटचा चहा घ्या. भिशीत, मंदिराच्या ओट्यावर, लग्नघरात, जिथे चार जणी जमतात तिथे हा सल्ला फुकट मिळतो. माझं म्हणणं असं, की जळजळ होणाऱ्या बाईला हा सल्ला देणं म्हणजे दाराची कडी काढून ठेवून चोर येऊ नये म्हणणं आहे.

हे दार कुठलं ते आधी बघू. अन्ननलिका छातीतून खाली येते, श्वासपटलातून पार होते आणि जठराला मिळते. तिथे शेवटच्या तीन-चार सेंटिमीटरला गोल स्नायूचं एक कडं आहे. त्याला झडप म्हणतात, पण ती नळाच्या चकतीसारखी नसते. स्नायू आवळलेला असतो म्हणून वाट बंद असते, इतकंच. आपण घास गिळला की तो काही क्षण सैल होतो, घास खाली गेला की पुन्हा आवळतो. जठरातलं आम्ल जठराला फारसं जाळत नाही, कारण आतून बुळबुळीत अस्तराचं संरक्षण आहे. अन्ननलिकेला तसं संरक्षण नाही. कडं नको तेव्हा सैल पडलं की आम्ल वर येतं आणि छातीच्या मधोमध आग होते.

आता पेपरमिंटकडे या. त्यातला मुख्य पदार्थ मेंथॉल. स्नायू आवळायला त्याच्या पेशीत कॅल्शियम शिरावं लागतं, आणि मेंथॉल ती वाट अडवतं. स्नायू सैल पडतो. पोटात कळ येते तेव्हा हाच गुण उपयोगी पडतो, कारण आवळलेलं आतडं मोकळं होतं. पण मेंथॉलला कळणारा स्नायू कोणता आणि कडी धरून बसलेला स्नायू कोणता, हे ओळखता येत नाही. ते ज्याला भेटेल त्याला सैल करतं. चहाच्या घोटाला तर सगळ्यात आधी भेटतं ते हेच कडं.

मग पेपरमिंट घेतल्यावर बरं कसं वाटतं? दोन कारणांनी. एक म्हणजे ढेकर येतो. पोट फुगलेलं असतं, हवा निघते, हलकं वाटतं. पण बायांनो, हवा निघाली ती कुठून? त्याच दारातून! हवेसाठी जे उघडलं ते आम्लासाठी बंद राहील, असा करार कोणी केलेला नाही. दुसरं कारण थंडावा. मेंथॉल आपल्या त्वचेतल्या आणि तोंडातल्या गारवा ओळखणाऱ्या नसा जागवतं. म्हणून कढत चहाही गार वाटतो. प्रत्यक्षात तापमान रतीभरही उतरत नाही आणि आम्लाचा एक थेंबही कमी होत नाही. जिभेला झालेला भास आपण पोटाचा इलाज समजतो.

कोणी म्हणेल, अहो, डॉक्टरही पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल देतात. देतात ना, आतड्याच्या मुरड्यावर देतात. पण त्या कॅप्सूलवर जठरात न विरघळणारं आवरण चढवतात, ते कशासाठी? तेल वरच्या दारापाशी न सांडता थेट आतड्यात उघडावं म्हणून. ती चावू नका, असं बजावतात. आणि इतकं करूनही त्या औषधाच्या दुष्परिणामांत छातीतली जळजळ लिहिलेली असते. चहाला कसलं आवरण?

आपल्या घरांत याला आणखी एक धार आहे. माझ्या नात्यातल्या एका बाईंचंच बघा. वय साठीच्या आसपास, रात्री चोविहार, पाण्याचाही त्याग. डिसेंबरात इथे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणून पाचला जेवण. हा नियम खरं तर जळजळीवर उत्तम, कारण निजेपर्यंत जठर बरंचसं रिकामं होतं. पण चातुर्मासात पालेभाजी सोडली तेव्हा सुनेने वाळल्या पानांच्या पुड्या आणल्या, आणि पुढे सवयच लागली. पुऱ्या, कढी, वर मोठा पेला चहा. तोही झाकून दहा मिनिटं मुरवलेला, म्हणजे वाफेबरोबर जाणारं मेंथॉलही पेल्यातच. सहाला त्या रजईत शिरून आडव्या. आठाला आग, घशाशी आंबट, सकाळी आवाज बसलेला. आणि नियम असा, की पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. रात्रभर सोसायचं आणि दुसऱ्या दिवशी ‘पित्त वाढलंय’ म्हणून चहा दोन पेले!

त्यांना कोणी औषध दिलं नाही. दोन आठवडे चहा बंद, बाकी जेवण तेच, आणि रोज सकाळी कॅलेंडरवर खूण: रात्री जळजळ झाली की नाही. दुसऱ्या आठवड्यात खुणा दोनवर आल्या. मग पुन्हा तीन दिवस चहा दिला, तिन्ही रात्री खूण. निवाडा कॅलेंडरनेच केला. उरलेल्या दोन खुणांसाठी जेवणानंतर तीन तास आडवं न होणं, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू अर्धा फूट उचलणं आणि डाव्या कुशीवर निजणं. डाव्या कुशीवर जठर त्या दाराच्या खाली राहतं, म्हणून आम्ल वर यायला अवघड जातं.

आता न्यायाची गोष्टही बोलू. अंगणातला पुदिना म्हणजे पेपरमिंट नव्हे. आपल्या चटणीचा पुदिना बहुधा वेगळ्या जातीचा असतो. त्याचा वास कारव्होनचा, मेंथॉल त्यात नाममात्र. १९९९ साली निरोगी माणसांवर झालेल्या एका अभ्यासात त्या जातीने झडपेचा दाब कमी झाला नाही. चटणीने जळत असेल तर आधी मिरचीकडे बघा. पेपरमिंटच्या चहावरचे प्रयोगही थोडेच आहेत, पुरावा मुख्यतः तेलाचा आणि मेंथॉलचा आहे. ज्यांना जळजळ नाही त्यांनी एखादा पेला घेतला तर आकाश कोसळत नाही. माझं भांडण चहाशी नाही, जळजळीवर तो औषध म्हणून देण्याशी आहे.

पण मेंथॉल दुसऱ्या नावांनीही घरात येतं, ते ओळखा. अमृतधारा म्हणजे कापूर, ओव्याचं फूल आणि पिपरमिंटचं फूल. हे तिसरं म्हणजेच मेंथॉल. पानातला ‘ठंडक’वाला मसाला, जेवणानंतरच्या गार गोळ्या, पचनाचे हिरवे थेंब, सगळीकडे तेच. चहा सोडला आणि थेंब चालू ठेवले, तर कॅलेंडरवर खुणा पडतच राहतील.

आणि हेही ऐका. घास अडकत असेल, वजन उतरत असेल, शौचाला काळं होत असेल, उलटीत रक्त दिसलं, तर कॅलेंडर भिंतीवर राहू द्या आणि डॉक्टरांकडे जा. छातीतलं दुखणं हात-जबड्याकडे पसरलं, घाम फुटला, तर त्याच घटकेला रुग्णालयात. बाईच्या हृदयाचं दुखणं ‘गॅस झालाय’ म्हणून घरात दाबलं जातं, आणि त्यावरही कोणीतरी पेपरमिंटचाच पेला पुढे करतं. तो पेला परत करा.