दुसऱ्या गोळीआधी फोन

“डॉक्टर, जिभेखाली तीन गोळ्या ठेवून बघायच्या आणि मगच दवाखान्यात जायचं ना?” असं पेशंट मला अजूनही विचारतात. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

समजा, जिना चढताना तुमच्या छातीवर दडपण आलं. आधी खाली बसा. नायट्रोग्लिसरीनने रक्तदाब उतरतो, उभे असाल तर भोवळ येऊन पडाल. एक गोळी जिभेखाली ठेवून विरघळू द्या. ती गिळू नका, कारण पोटातून गेलेलं औषध यकृतातच बरंचसं निकामी होतं. मग घड्याळ बघा.

पाच मिनिटांनंतरही दुखणं तसंच असेल किंवा वाढलं असेल, तर आधी १०८ ला फोन करा आणि मग दुसरी गोळी ठेवा. रुग्णवाहिका आली नाही, तर आणखी पाच मिनिटांनी तिसरी. त्यापुढे नाही. चक्कर येत असेल, तर पुढची गोळी घेऊच नका.

मी फोनचा आग्रह का धरतो? ही गोळी हृदयावरचा भार हलका करते, पण रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवत नाही. तीन गोळ्यांची वाट पाहण्यात पंधरा मिनिटं जातात आणि तेवढा वेळ हृदयाचा स्नायू रक्तावाचून राहतो.

आणखी एक, संकोच न करता सांगा: लैंगिक ताकदीसाठी सिल्डेनाफिल २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत घेतली असेल, तर ही गोळी घेऊ नका. रक्तदाब धोकादायक कोसळतो. अशा वेळी थेट फोन करा.