आज काय पेटलंय?

तुमच्या ऑफिसातही असणारच तो. कॉफी मशिनच्या बाजूला भिंतीवर लटकवलेला भलामोठा टीव्ही. त्यावर चौदा चौकोन, दोन पाय चार्ट, एक वर जाणारी रेघ आणि कोपऱ्यात या महिन्याचा ॲव्हरेज. पहिल्या आठवड्यात सगळे कौतुकाने बघतात. दुसऱ्या आठवड्यापासून तो वॉलपेपर होतो. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी त्यावर क्रिकेटचा स्कोअर लावतं आणि तेव्हा कुठे लोक पुन्हा वर मान करून बघायला लागतात!

स्कोअर का बघतात सांगू? तो आत्ताचा असतो म्हणून. महिन्याचा ॲव्हरेज बघून सकाळी दहा वाजता कुणाच्या हाताला काम मिळत नाही.

ही गोष्ट कारखानेवाल्यांना आणि विमानवाल्यांना केव्हाच कळली आहे. टोयोटाच्या असेंब्ली लाइनवर ‘अँडॉन’ नावाचा दिव्यांचा बोर्ड असतो. हा शब्द जपानी, मूळ अर्थ कागदी कंदील. कामगाराला काही खटकलं की तो दोरी ओढतो, त्याच्या जागेचा दिवा लागतो आणि टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या टप्प्यापर्यंत घोळ निस्तरला नाही तर लाइन थांबते. एअरबसच्या कॉकपिटमध्येही तेच तत्त्व आहे. सगळं आलबेल असेल तर पायलटच्या डोक्यावरच्या पॅनेलमधले दिवे विझलेले असतात. दिवा लागला म्हणजे बघायलाच हवं.

आता हे आपल्या ऑफिसात कसं आणायचं? गेल्या वर्षी पुण्यातल्या एका टीमसाठी मी असा बोर्ड मांडून दिला. आठ जण, पगाराच्या सॉफ्टवेअरचा कस्टमर सपोर्ट. एका सोमवारी सकाळी दहा वाजता त्यांच्याकडे ६२ तिकिटं उघडी होती. जुना बोर्ड हा ६२ आकडा लालभडक दाखवायचा. पण त्या आकड्याचं करायचं काय, हे कुणालाच सांगता येईना.

म्हणून आम्ही प्रत्येक तिकिटाला एकच प्रश्न विचारला. आज याला कुणी हातच लावला नाही तर काही बिघडेल का? ४५ तिकिटांची मुदत उद्या किंवा त्यानंतरची होती, ती बाजूला. १२ तिकिटांवर कस्टमरचं उत्तर यायचं होतं. त्यातल्या फक्त दोघांना आज आठवण करायची होती, बाकीची १० बाजूला. राहिली ५, ज्यांची मुदत आजच संपत होती.

पण थांबा, तीही सगळी लगेच दाखवायची नाहीत. एक तिकीट सोडवायला या टीमला साधारण दोन तास लागतात. म्हणून नियम केला, मुदतीला चार तास उरले की ओळ बोर्डावर येणार, म्हणजे लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट आधी. दुपारी दोनच्या आतली दोन तिकिटं दहालाच दिसली. उरलेल्या तिघांची मुदत संध्याकाळची होती, ती दुपारनंतर आपोआप येणार होती. त्यातलं एक मात्र लगेच वर आलं, कारण ते ज्याच्या नावावर होतं तो रजेवर होता. दुसरा नियम हाच की आजच्या कामाला वाली नसेल तर त्याने चार तासांची वाट बघायची नाही.

हिशोब करा. मुदतीची दोन, बेवारस एक, आठवण करायची दोन. शिवाय तिकिटांत नसलेली एक ओळ, एका कस्टमरची पगाराची फाइल चार वाजेपर्यंत बँकेत जायला हवी आणि त्यावर मंजुरी बाकी. ६२च्या जागी ६ ओळी!

ओळीत चारच गोष्टी ठेवल्या. काम काय, कधीपर्यंत, कशापाशी अडलंय, आणि कुणाकडे आहे. ‘पगार फाइल, ४ वाजता, मंजुरी बाकी’ आणि पुढे नाव. क्रम मुदतीचा, सगळ्यात आधी संपणारं सगळ्यात वर. कस्टमर कंपन्यांची नावं मात्र टाकली नाहीत, तिकीट नंबर पुरतो. येणारे-जाणारे पाहुणेही तो टीव्ही बघतात, राव.

जास्तीत जास्त किती ओळी, हे मॅनेजरने ठरवायचं नाही, भिंतीने ठरवायचं. साइनबोर्डवाल्यांचा एक ढोबळ ठोकताळा आहे, वाचायचं जितक्या लांबून, त्याच्या दोनशेव्या भागाइतकं अक्षर उंच हवं. शेवटचं टेबल पाच मीटरवर, म्हणजे अक्षर अडीच सेंटिमीटर. देवनागरीत वेलांट्या-उकार धरून एका ओळीला सहा सेंटिमीटर तरी लागतात. ४३ इंची टीव्हीची उंची जेमतेम ५३ सेंटिमीटर. वरची वेळ आणि खालची पट्टी सोडली की सात ओळी बसतात. आठवी आली तर अक्षर बारीक करायचं नाही. सातवी ओळ ‘आणखी २’ अशी करायची. ती दिसली की समजायचं, आज टीमच्या ताटात जास्त वाढलंय आणि कुठलं काम पुढे ढकलायचं ते सकाळीच ठरवायला हवं.

आता गोची कुठे होते ते बघा. सगळ्यात धोकादायक म्हणजे रिकामा बोर्ड. सगळं सुरळीत असलं तरी तो रिकामा, आणि मागचा डेटा येणं बंद पडलं तरी रिकामाच! म्हणून खाली ‘शेवटचं अपडेट १०.४२’ अशी वेळ हवीच. शिवाय पंधरा मिनिटांत नवा डेटा आला नाही तर पूर्ण स्क्रीन राखाडी होऊन मोठ्या अक्षरात ‘माहिती जुनी आहे’ असं यायला हवं. कोपऱ्यातलं घड्याळ कुणी बघत नाही, पण राखाडी भिंत सगळ्यांना दिसते.

दुसरी गोची माणसांची. आपलं नाव बोर्डावर नको म्हणून लोक हळूच मुदत पुढे सरकवतात. बोर्ड स्वच्छ, कस्टमर वैतागलेला. हे पकडायचं असेल तर एखादं काम दुसऱ्यांदा पुढे गेलं की ते मूळ तारखेसकट बोर्डावर आणा. आणि त्या नावांवरून कुणाचं अप्रेझल करणार नाही, हे बॉसने आधीच सांगून टाकलेलं बरं. नाव ‘कुणाला विचारायचं’ यासाठी आहे, ‘कुणाला झापायचं’ यासाठी नाही.

तिसरी गोची म्हणजे मुक्कामाला आलेली ओळ. तीन दिवस तीच ओळ दिसली की डोळे तिला वगळायला शिकतात, आणि मग शेजारच्या ओळींनाही. अशा ओळीचा चौथ्या दिवशी फैसलाच करायचा. मॅनेजरने अडथळा काढायचा, नाहीतर नवी तारीख कस्टमरला सांगून ती खाली उतरवायची.

बोर्ड लावल्यावर दोन आठवडे शेजारी एक वही ठेवा. एका बाजूला लिहा, बोर्डावर आलं पण कुणी काहीच केलं नाही. दुसऱ्या बाजूला, घोळ झाला पण बोर्डावर आलंच नव्हतं. पहिली बाजू लांबली तर नियम कडक करा, दुसरी लांबली तर सैल. या टीमच्या पहिल्या बाजूला सारखी एकच गोष्ट येत होती, कस्टमरला आठवण करायच्या ओळी. दुपारी फोन केला तर समोरचे जेवायला गेलेले असत, म्हणून कुणी करतच नव्हतं. आता त्या ओळी फक्त साडेदहा ते साडेबारा दिसतात, आणि फोन होतात.