मृत्युदराचे कोडे आणि लोकसंख्येचा मनोरा

नमुना नोंदणी प्रणालीच्या २०१९ च्या आकडेवारीनुसार केरळमध्ये दर हजार लोकांमागे वर्षाला ७.१ मृत्यू होत होते, तर बिहारमध्ये केवळ ५.५. एवढ्यावरून बिहार अधिक निरोगी ठरवायचा काय? त्याच अहवालात बालमृत्युदर पाहिला, तर केरळात तो हजार जन्मांमागे ६ आणि बिहारमध्ये २९ आहे.

हा विरोधाभास लोकसंख्येच्या मनोऱ्यापाशी सुटतो. लोकसंख्या संक्रमणात आधी मृत्युदर घटतो आणि जन्मदर मागाहून उतरतो. या मधल्या काळात मुलांची संख्या वाढते व मनोऱ्याचा पाया रुंद होतो. पुढे जन्म घटले की पाया आक्रसतो आणि भार हळूहळू शिखराकडे सरकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बिहारचा एकूण जननदर ३.० होता, केरळचा १.८. बिहार अजून तिसऱ्या टप्प्यात आहे. केरळने तो कधीच ओलांडला.

२०२१ साठीच्या अधिकृत अंदाजानुसार साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण केरळात १६.५ टक्के, तर बिहारमध्ये ७.७ टक्के होते. समजा, दोन्हीकडे ज्येष्ठांमध्ये हजारी ४० मृत्यू होतात. मग हजार लोकसंख्येतील १६५ ज्येष्ठांमुळे केरळात ६.६ मृत्यू होतील आणि ७७ ज्येष्ठांमुळे बिहारात सुमारे ३.१. ज्येष्ठांच्या आरोग्यात तिळमात्र फरक नसूनही केवळ वयोरचनेने आकडा दुपटीहून अधिक होतो. म्हणूनच दोन प्रदेशांची तुलना करताना दोहोंचे वयोगटनिहाय मृत्युदर एकाच प्रमाण वयोरचनेवर बसवून पाहावे लागतात.

तथापि असे प्रमाणीकरण केले की वयाचा परिणाम पुसला जातो, आणि रुग्णालये मात्र प्रत्यक्ष वयाच्याच माणसांनी भरतात. बिहारच्या रुंद पायाला सुरक्षित प्रसूती, लसीकरण आणि पोषण हवे. त्याच पाचव्या फेरीत तेथे पाच वर्षांखालील सुमारे ४३ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली होती. केरळच्या जड शिखराला मधुमेह, पक्षाघात, स्मृतिभ्रंश यांवरील दीर्घकालीन उपचार आणि घरपोच शुश्रूषा हवी. केरळने २००८ मध्येच उपशामक सेवेचे राज्य धोरण स्वीकारले, ते या गरजेशी सुसंगतच होते.

अशा देशात आरोग्याचा निधी सर्वत्र एकाच साच्यातून वाटणे अन्यायकारक ठरते. राष्ट्रीय सरासरीचा मनोरा हा बिहार आणि केरळ यांच्यामधला एक काल्पनिक प्रदेश आहे. तेथे कोणीही राहत नाही. त्यातच आजचे सारे मनोरे २०११ च्या जनगणनेवरून पुढे मोजलेले आहेत. नवी जनगणना हाती येताच निधिवाटपाच्या सूत्रात प्रत्येक राज्याच्या, शक्य तेथे जिल्ह्याच्या, वयोरचनेला स्थान मिळाले पाहिजे. बिहारला बालकांसाठी आणि केरळला वृद्धांसाठी पैसा मागताना एकमेकांशी झगडावे लागू नये, एवढे तरी त्या सूत्राने साधावे.